बाहेर बसायचे दिवस

पाळी थांबली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, आणि हे मी सात महिने घरात कुणाला कळू दिलं नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लेकीच्या पाठीवर अजून एक मूल व्हावं अशी सगळ्यांची आस, माझीही. आपल्यात आता काही उरलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मग दर महिन्याला अंदाजाने दिवस धरून मी बाहेर बसायचे. पडवीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट. सासूबाई मुकाट्याने चूल सांभाळायच्या.

अंग मात्र ऐकत नव्हतं. आमच्या कळंबला ऐन थंडीत कांदालागवड चाललेली, बायका स्वेटर घालून वाफ्यात बसलेल्या, आणि माझ्या छातीतून उठलेली धग मानेवर चढायची. घामाने पोलकं भिजायचं, दोन मिनिटांनी मी कुडकुडायचे. एकदा सासूबाईंनी हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला मंचरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी शेवटची पाळी विचारली. गेल्या आठवड्यात, असं मी खाली बघत म्हणाले. रक्त कधी घ्यायचं ते तारखेवर ठरतं, नीट आठवून सांगा, असं त्या म्हणाल्या.

"सात महिने झालं, बाई," सासूबाई म्हणाल्या. "नुसती बसती ती. दोरीवर फडकं कदी वाळत पडलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस गेलेले नाहीत ना, ते आधी लघवी तपासून पाहिलं. मग थायरॉइड आणि हार्मोनसाठी रक्त पुण्याला गेलं. आठवड्याने रिपोर्ट आला. बाईंनी समजावलं, की मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी अंडाशयाला हाका मारते. तिकडून ओ आली नाही, की ती आवाज चढवते. त्या हाकेचं नाव एफएसएच. माझ्या रक्तात ती खूप वाढलेली होती आणि इस्ट्रोजेन अगदी कमी. पण अंडाशय मधूनच जागंही होतं, म्हणून एका रिपोर्टवर विसंबत नाहीत. महिन्याने पुन्हा रक्त दिलं. आकडा तसाच चढलेला.

मी थक्क झाले. सात महिने मी तोंड दाबून होते आणि माझ्याच डोक्यात कुणीतरी अखंड हाका मारत होतं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

मूल होण्याची आशा फार थोडी, अगदीच नाही असं नाही, असं बाई म्हणाल्या. हाडं आणि हृदय जपायला पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या. एसटीत मी रडले. मग सासूबाईंना विचारलं, की ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?

"चार दिस इसावा मिळत व्हता तुला," त्या म्हणाल्या. "म्या कशाला मोडू?"

पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखी पहाटे चुलीकडे निघाले. पडवीत माझं अंथरूण घातलेलं होतं आणि सासूबाई भाकरी थापत होत्या.