वाघोबाच्या जेवणाचा राखणदार

जंगलालगतच्या येऊरच्या पाड्यात धाकूइतकं मोठ्याने बोलणारं दुसरं माणूस नाही. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये तो माळी. तिथल्या गुलाबांनासुद्धा त्याचे बिबट्याचे किस्से पाठ असावेत. "वाघोबा मला नावाने ओळखतो," असं तो खुशाल सांगे. प्रत्यक्षात त्याने उभ्या जन्मात बिबट्याची शेपटीही पाहिलेली नव्हती.

वनखात्याने पाड्यात शेळ्यांसाठी जाळीचे बंद गोठे बांधून दिले होते. धाकूच्या गोठ्यात शेळी जेमतेम आठवडाभर राहिली. मग जुनी स्कूटर आली, ती आत गेली आणि शेळी बाहेर, आंब्याखाली.

"स्कूटरला काय बिबट्या खाणारे?" त्याची बायको मीराबाई विचारी.

"गंज खातो गं तिला!"

एका सकाळी आंब्याला तुटकं दावं तेवढं लोंबत होतं. शेळी मागच्या ओढ्यात सापडली, गळ्यावर दातांच्या खुणा. हाताशी होतं ते एवढंच धन. धाकूने लगेच वनरक्षक हरिहरला फोन लावला.

"लवकर कळवलंस, बरं केलंस. तिला हलवू नकोस. पशुवैद्यकांनी जागेवर पाहून पंचनामा केला की भरपाईचं प्रकरण पुढे जाईल. संध्याकाळपर्यंत येतो. आणि ऐक, तिथे बसू नकोस. बिबट्या शिकारीकडे परत येतो."

पण कुत्र्यांनी पुरावाच खाल्ला तर? धाकू काठी घेऊन बसलाच.

उन्हं उतरली आणि ओढ्यातले पक्षी एकदम गप्प झाले. समोरच्या खडकावरची वाळकी पानं उठून उभी राहिली. त्यांना डोळे होते. धाकूच्या हातून काठी गळाली, हात आपोआप जोडले गेले. बिबट्याने त्याच्याकडे पाहिलं, घाई न करता शेळी उचलली आणि करवंदीच्या जाळीत शिरला. पानसुद्धा वाजलं नाही.

हरिहर डॉक्टरांना घेऊन पोहोचला तेव्हा धाकू तसाच हात जोडून बसलेला.

"साहेब, पुरावा गेला!"

"पुरावा गेला नाही, फोटो काढून गेला." बिबट्यांच्या नोंदीसाठी वनखात्याने ओढ्याकाठच्या झाडाला आधीच बांधलेला कॅमेरा हरिहरने उघडला. चित्रात बिबट्या, त्याच्या तोंडात शेळी आणि समोर हात जोडलेला धाकू. रक्त, पंजांचे ठसे, ओढल्याची खूण, सगळ्याची नोंद झाली. उरलेली शेळी दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीमागे मिळाली, तीही डॉक्टरांनी तपासली.

"गोठा असून शेळी बाहेर कशी?" हरिहरने विचारलं.

"सांगा की, गंज!" मीराबाई म्हणाली. धाकूने मान खाली घालून सांगितलं आणि तेही लिहिलं गेलं. भरपाई मात्र मंजूर झाली.

फोटो टॉवरमध्ये पोहोचला आणि तिथली मंडळी चवताळली. "पिंजरा लावा, उचलून न्या त्याला!"

"हा नेला की दुसरा येईल," हरिहर म्हणाला. "आधी गेटबाहेरचा कचरा उचला. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो."

मग सगळे धाकूकडे वळले. "तू तर समोरासमोर पाहिलास. कसा होता?"

धाकूने तोंड उघडलं. गुलाबसुद्धा कान देऊन होते. त्याने नुसते हात जोडून दाखवले.

आता नवी शेळी गोठ्यात असते आणि स्कूटर आंब्याखाली मजेत गंजते. रोज कामावर निघताना धाकू पाड्याच्या वेशीवर, शेंदूर फासलेल्या वाघोबा देवाच्या दगडापाशी थांबतो, हात जोडतो आणि गप्प उभा राहतो.