आलिमाचं सोपं इंग्रजी

कर्वेनगरच्या एका कॉलेजात एम.ए. करणारी आलिमा दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली होती. इंग्रजी तिने व्याकरणाची पुस्तकं घोकून कमावलं होतं, त्यामुळे लिहिताना ती खात्रीचेच शब्द वापरायची आणि वाक्यं सरळ ठेवायची. आजीच्या शिवणकामावरचा तिचा इंग्रजी निबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरने 'यंत्राने लिहिलेला' ठरवला, तेव्हा ती रडवेली होऊन इंग्रजी शिकवणाऱ्या सुरुची मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, मी स्वतः लिहिलंय."

"आधी बस. आजी काजं कशी करायची, ते सांग बघू."

आलिमा सांगू लागली. निबंधात नव्हतं तेही तिने सांगितलं. दोरा दातांनी तोडून आजी खुदकन हसायची, तेसुद्धा. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे ते सॉफ्टवेअर बघतं. यंत्राचं लिखाण बहुधा तसंच ओळखीच्या वाटेने जातं. पण शिकलेली भाषा जपून लिहिणाऱ्या माणसाचंही तसंच होतं, आणि तिथे सॉफ्टवेअरची गल्लत होते."

"मग मी अवघड शब्द घालू का?"

"मुळीच नको. आपण काय त्याच्यासाठी लिहितो? तुझी आजी मला दिसली."

मॅडमनी तिच्यासमोरच शेरा खोडून गुण दिले. मुलांशी बोलल्याशिवाय असा शेरा ग्राह्य धरू नये, असं विभागप्रमुखांनाही त्यांनी लगेच फोन करून सांगितलं.

बाहेर आल्यावर आलिमाने घरी फोन लावला. "अम्मी, मॅडमनी माझं खरं मानलं," एवढंच ती म्हणाली.