यशोधरानं परत घेतलेला कागद

यशोधरा भिंगारदिवे पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होती. आई भामाबाई तिसगावच्या आडतीवर कांदे निवडायला जायची, वडील जालिंदर टेम्पो चालवायचे. मुलगी हुशार, पण शाबासकीची फार भुकेली. उत्तर लिहून झालं की वही घेऊन थेट माझ्यापुढे यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. आज ती नगरच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. गुन्ह्याचं मानसशास्त्र हा तिचा विषय. गेल्या फाल्गुनात जे झालं ते तिनं मला सांगितलं, आणि जिथं ते घडलं त्या गावचे पोलीस पाटील पुंजाराम यांनीही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की स्वतःची चूक ती जास्त ठळक सांगते.

तिसगावच्या पलीकडच्या एका गावात महिनाभरात कडब्याच्या चार गंजी पेटल्या. सगळ्या दिवेलागणीच्या सुमारास. चौथ्या वेळी आग श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याला लागली आणि दोन गाई होरपळून गेल्या. फौजदार नितीन आव्हाड एका व्याख्यानामुळे यशोधराला ओळखत होते. फोटो आणि पंचनामे घेऊन ते तिच्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, आग लावणारा कसा असेल, त्याचं चित्र काढून द्या."

वर्गात ती दरवर्षी शिकवते की अशा चित्रांवर फार विसंबू नये. तरी तिनं काढून दिलं. एका पानावर लिहिलं: पुरुष, वय वीस ते पस्तीस, गावातला किंवा जवळपासचा, हाताला कायमचं काम नाही, एकलकोंडा, मनात कुणाचा तरी राग, चारही आगी त्याच्याच. वर 'शक्यता' असा शब्द होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पान फिरलं तेव्हा फोटोत तो शब्द आलाच नाही.

पाचव्या दिवशी पुंजारामचा फोन आला. "बाई, तुमच्या कागदावरून बजरंगला ठाण्यात आणलाय. सकाळपास्नं बसवून ठेवलाय. उद्या अटक दाखवनार म्हनत्यात."

बजरंग सव्वीस वर्षांचा. ऊसतोडीला गेलेला, मुकादमाशी वाजलं म्हणून हंगाम संपायच्या आधीच परत आलेला. कुणात फारसा मिसळत नव्हता. यशोधरानं दुपारचा तास रद्द केला आणि एसटी धरली.

ठाण्याच्या पायरीवर बजरंगची आई झुंबरबाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. यशोधरा तिला ओलांडून आत गेली.

"या मॅडम!" फौजदार उठून उभे राहिले. "तुमचं चित्र तंतोतंत बसलं बघा."

"तेच सांगायला आले. ते कुणालाही बसेल." तिनं पुंजारामला आत बोलावलं. "पाटील, हा कागद वाचते. तुमच्या गावात किती जणांना लागू होतो, मोजा."

पुंजाराम एकेक ओळ ऐकत बोटं मिटत गेले. मधेच थांबले, आढ्याकडे बघितलं, पुन्हा मोजू लागले. "सतरा. मळ्यावरची धरली न्हाईत."

"पंचनाम्यात श्रीमंतच्या धाकट्या मुलाचं नाव आहे, तो धरला का?"

"त्यो तर पयलाच धरला. बापाशी दोन वर्सं बोलत न्हाई. आन् हा आपला ओम धरला तर अठरा."

शिपाई ओम दारातच उभा होता. "ओ पाटील, मला कायमचं काम हाय!"

"काम हाय रे. पन करतोस कुटं?"

फौजदारांनाही हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. "गंमत सोडा. सतरांतला तो एकच भांडण करून आलाय."

"भांडण कारखान्यावर झालं, सर. आगी गावात लागल्या." यशोधरानं खुर्ची पुढे ओढली. "असे प्रयोग झालेत, आणि पोलिसांवरच झालेत. एकच वर्णन दोन गटांना दिलं, पण गुन्हेगार म्हणून दोन अगदी वेगळी माणसं दाखवली. दोन्ही गट म्हणाले, वर्णन बऱ्यापैकी जुळतंय. मोघम लिहिलं की तसं होतं. मी मोघम लिहिलं. कागद बाजूला ठेवला तर बजरंगविरुद्ध तुमच्याकडे काय उरतं?"

फौजदार फाईल उलटू लागले.

"तो गावात कधी आला?"

"आई म्हणते महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. आई काय, म्हणणारच."

"पहिल्या दोन आगी महाशिवरात्रीच्या आधीच्या आहेत. तपासलं?"

तपासलं नव्हतं. कागदाशी जुळणारा माणूस सापडला होता, म्हणून तारखेकडे कुणी बघितलंच नव्हतं. फौजदारांनी कारखान्याच्या वजनकाट्यावर फोन लावला. अर्ध्या तासानं उत्तर आलं: त्या दोन्ही संध्याकाळी बजरंगच्या बैलगाडीचं वजन झालं होतं.

"पावती गाडीची असते," यशोधरा म्हणाली. "गाडीवर कोण होतं ते मुकादमाला विचारा, शेजारच्या कोप्यांतल्या, झोपड्यांतल्या लोकांना विचारा."

मुकादम फोनवर तावातावानं बोलला. बजरंगला शिव्या घातल्या, पण महाशिवरात्रीपर्यंत तो तिथंच होता, असंही सांगितलं.

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे एकही आग त्याची नाही."

इथं गप्प बसली असती तर सगळं सोपं झालं असतं. ती म्हणाली, "तसंही म्हणता येत नाही. चारही आगी एकाच्याच, हा माझाच अंदाज. जागा जवळजवळ आहेत, वेळ सारखी आहे, म्हणून तो करता येतो. पण उन्हाळ्याच्या तोंडाला गंजी पेटणं काही दुर्मीळ नाही. शेवटच्या दोन वेगळ्या हाताच्या असू शकतात."

"मग तुमच्या शास्त्राचा उपयोग काय, मॅडम?"

"शोध कुठून सुरू करावा, एवढं सुचवता येतं. चारही जागा पायी अर्ध्या तासाच्या आत आहेत, तेव्हा आधी जवळची माणसं बघा. प्रश्न कसे विचारावेत ते सांगता येतं. समोरच्याला मोकळं बोलू द्या, आगीचे तपशील तुम्ही पुरवू नका. दिवसभर उपाशी बसवलेला माणूस न केलेलंही कबूल करतो. पण अमक्यानं केलं, हे माझं शास्त्र सांगू शकत नाही."

मग तिनं कोरा कागद मागितला. आधीचं वर्णन मागे घेते, ते कुणाला संशयित ठरवायला वापरू नये, असं लिहू लागली. फौजदार हळू आवाजात म्हणाले, "जिल्ह्याच्या पोलीस प्रशिक्षणात शिकवायला साहेबांनी तुमचं नाव पाठवलंय. हे पत्र फायलीला लागलं तर ते नाव राहणार नाही."

"फायलीलाच लावा. आणि पोच द्या," ती म्हणाली.

बोलावल्यावर हजर राहण्याची नोटीस देऊन बजरंगला पाच वाजता सोडलं. झुंबरबाईनं आधी त्याचा चेहरा चाचपला, मग यशोधराकडे वळली.

"तुमीच त्या बाई ना? मंग ल्ह्या की, माझ्या लेकानं केलं न्हाई."

"ते मला लिहिता येणार नाही, मावशी. मला माहीत नाही."

"धरायला लिवता येतं, सोडायला न्हाई व्हय?"

"चूक माझी आहे," यशोधरा म्हणाली. नगरची गाडी समोर उभी होती, पण ती मायलेकांच्या मागे पुंजारामच्या जीपमध्ये चढली. फाईल ठाण्यात राहणार होती. कागद तर गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होता.

चावडीपुढे पन्नासेक माणसं जमली. तिनं पत्राची नक्कल वाचली. श्रीमंत पुढे आला. गाई गेल्यापासून त्याची झोप उडाली होती.

"मंग लावली कुनी?"

"मला माहीत नाही, दादा."

"येवढं शिकून?"

"हो."

कुणीतरी मागे हसलं. बजरंग मान खाली घालून भिंतीशी उभा होता. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. झुंबरबाई मात्र गर्दीतून वाट काढत यशोधरापुढे आली. चेहरा अजून तसाच कडक होता.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

यशोधरानं कागद पुन्हा उघडला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.