गंडा माझ्या मनगटावर

पोरीचं मॅट्रिक झालं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच भांडण होतं: तिनं गाणं शिकायचं कुठं. शिकायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते तिनं सातवीतच ठरवलं होतं, आणि हट्ट माझ्याकडूनच घेतला होता, म्हणून मला तिथं बोलायला जागा नव्हती.

बायकोचं म्हणणं, कॉलेजात नाव घालायचं, गाण्यात बी.ए. करायचं, पुढं एम.ए. "डिग्री असली त नोकरी लागते. नुसत्या गाण्यानं काय लागते? भूक." पोर संध्याकाळी गल्लीतल्या संगीत विद्यालयात जात होती. तिथले मास्तर म्हणत होते, मध्यमाची परीक्षा झाली, आता विशारद होऊ द्या. आणि मी म्हणत होतो, गुरू. माझी शाळा चौथीतच सुटली. इतवारी बाजारात माझं पानाचं ठोक दुकान. तो धंदा मी पुस्तकातून शिकलो नव्हतो, बापाच्या शेजारी बसून शिकलो. पानाची टोपली रोज उलथी-पालथी केली नाही तर पान सडतं. गळ्याचंही तसंच असणार, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

पोर एकच म्हणायची, "बाबा, मले एक राग पोटभर गाता आला पायजे. तो जिथं येईन तिथं घाला." अ‍ॅडमिशन बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. मी म्हटलं, माल न पाहता सौदा करायचा नाही. आधी पाहून येऊ.

कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या बाई भेटल्या. मी विचारलं, "दिवसभर गाणंच ना?"

"नाही. मराठी आहे, इंग्रजी आहे, आणखी दोन विषय. संगीत त्यांतला एक."

"म्हणजे गाणं पाव किलोच."

बाई हसल्या. "आणि त्या पावातही अर्धं लिहायचं. रागाचं वर्णन, वाद्यांचा इतिहास, श्रुती. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, ते मधेच थांबवून दुसरा राग मागतात."

"मंग गळा कवा तयार होते?"

"काका, माझा गळा माझ्या गुरूंनी तयार केला. पण ही खुर्ची मला डिग्रीनं दिली. गुरूंच्या चिठ्ठीवर विद्यापीठ लेक्चरर घेत नाही."

बाहेर आल्यावर बायको माझ्याकडं अशी पाहून राहिली होती की जणू कॉलेज तिच्याच बापाचं.

मग विद्यालय. एका खोलीत पंधरा-वीस पोरी, पेटीवर एकच पट्टी, फळ्यावर स्वर लिहिलेले, मास्तर टेबल वाजवून मात्रा मोजत होते. सगळ्या मिळून तीनतालात एक बंदिश म्हणत होत्या. मी दारातून विचारलं, "मास्तर, जिचा आवाज त्या पट्टीत चढत नाही तिचं कसं?"

"ती तोंड हलवते," मास्तर म्हणाले आणि बोलता बोलताच मागच्या रांगेकडं बोट केलं: "तू सम चुकलीस!" एवढ्या गलक्यात त्यांना एक पोर सापडली. ती माझीच होती. माणूस कच्चा नव्हता, हे मला कबूल करावं लागलं.

शेवटी महाल भागातल्या एका गल्लीत बुवा. पंच्याहत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. मी पानाची एक करंडी पुढं ठेवली. त्यांनी एक पान उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "शेठ, इथं फळा नाही, वही नाही, सर्टिफिकेट नाही. पहिले काही महिने फक्त सा. चालेल?"

"किती महिने?"

"ते सा-ले विचारा."

मला हेच पाहिजे होतं. पोरीलाही बुवा पटले. गुरुवारी गंडा बांधायचं ठरलं. गंडा म्हणजे लाल धागा. गुरू तो शिष्याच्या मनगटाला बांधतो, त्याच्या तोंडात गूळ-चणे घालतो, आणि तिथून पुढं तो शिष्य गुरूच्या घराचा.

त्या दिवशी साक्षीला दोन म्हातारे गवई होते, बुवांना ओळखणाऱ्या कॉलेजच्या बाईही आल्या होत्या. पोर नारळाचं ताट घेऊन बुवांसमोर बसली. ताट नीट धरलं नाही तर नारळ गडगडेल, म्हणून मी तिच्या बाजूनं पुढं वाकलो आणि हात लांबवला. बायको मागून पुटपुटली, "तुम्ही काहून मधात घुसून राहिले?" तेवढ्यात बुवांनी माझं मनगट पकडलं आणि धागा गुंडाळला.

"हात भरीव आहे," ते खूश होऊन म्हणाले. "तानपुरा पेलेल."

मी "अहो बुवा" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात गूळ-चणे आले. दोन्ही म्हातारे "वाहवा" म्हणाले. बाईंनी पदर तोंडात कोंबला.

चणे गिळून मी सांगितलं, की पोर मी नाही, ती आहे. बुवांनी धाग्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "गंडा बांधला की सुटत नाही. माझ्या गुरूंनी कोणाचा सोडला नाही, मीही सोडणार नाही."

"अन् पोरीचं?"

"आधी बांधला त्याचा सा लागू दे. मग तिचं पाहू. उद्या सकाळी सहाला ये." परवा मी शेठ होतो. आज "ये".

घरी बायकोनं तीन दिवस हसून घेतलं. पोर मात्र रडकुंडीला आली. तिचा गुरू आता माझ्या गळ्यात अडकला होता, आणि माझा गळा मंडईत भाव ओरडून बसलेला! वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिनं कॉलेजात नाव घातलं, संध्याकाळी विद्यालयही चालू ठेवलं. मी दुसरा कोणी असतो तर धागा कापून मोकळा झालो असतो. पण साक्षीदारांसमोर गूळ खाल्ला होता.

रोज सकाळी बुवा तानपुरा छेडायचे, मी सा लावायचो, ते म्हणायचे, "हा तुझा सा आहे. माझा कुठं आहे?" आणि घरी हाकलायचे. घरी पोर मागं लागायची. "बाबा, खाली जाऊन राहिले." "बाबा, मान ताणू नका." मास्तरांसारखी टेबल वाजवून ती माझा दम मोजायची. कॉलेजात शिकलेलं समजावून सांगायची, की तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून एक न छेडलेला स्वरही ऐकू येतो, तो ऐका. गिऱ्हाईक दुकानात उभं आणि मी गल्ल्यावर सा धरून बसलेलो. हमाल म्हणायचा, "मालक, पोटात दुखते का?"

पुढच्या आंब्याच्या मोसमात एकदा सकाळी मी सा लावला आणि बुवांनी हाकललं नाही. तानपुरा थांबवला, तरी माझा सा तिथंच होता.

"कोणी लावून दिला?"

"तुम्हीच, बुवा."

"खोटं. मी तर फक्त हाकलत होतो. त्या पोरीले घेऊन ये."

पोर आली. बुवांनी तिला भैरवातला फक्त सा आणि रे म्हणायला लावले, बराच वेळ. मी आणि बायको दाराशी उभे. तिनं तो रे असा हलवून ठेवला की माझ्या मनगटावरचा विटलेला धागाही मला नवा वाटला. आतून बुवांचा आवाज आला, "धागा आणा."

पुढं तिला कॉलेजात नोकरी लागली ती एम.ए.वर, तिथं धागा कोणी विचारला नाही. बायको अजून हे सांगते. सांगू दे. पण लेक भैरव गायला बसली की तास कसा गेला ते बायकोलाही कळत नाही, आणि तो भैरव कोणत्या मार्कशीटवर आला नव्हता.

पण त्या सकाळी पोरीला गंडा बांधताना बुवांनी घाई केली नाही. पुढं आलेला हात धरला आणि आधी बोटांनी नीट चाचपून पाहिलं, बांगड्या आहेत का.