भरल्या तळ्याचा अभिप्राय

शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा माझा धंदा होता. दुकान शहापूरला, पण पहिलं मोठं काम मिळालं मुरबाडकडच्या एका गावात, एका काकांकडे. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, काकांनी मान हलवली की गावात विषय मिटायचा. मला त्यांच्या कामाच्या पैशांपेक्षा त्यांची मान हवी होती, हे आज कबूल करतो.

पाऊस सरता सरता तळं काठोकाठ भरलं. मी लगेच फोटोवाल्याला घेऊन पोचलो. जाहिरातीच्या पत्रकाचा मजकूर घरूनच लिहून नेला होता: आधी काय अडचण होती, आम्ही काय केलं, फायदा काय झाला. खाली काकांच्या तोंडचं वाक्य, 'भर उन्हाळ्यात माझ्या भेंडीला पाणी आहे.' उन्हाळा अजून यायचा होता.

काकांनी ते दोनदा वाचलं. "आता काय रे, रस्त्यावरचा खड्डा पन भरलेला हाय. उन्हाळा जाऊ दे, मंग लिव."

"काका, म्हशाची जत्रा तोवर थांबायची नाय. पत्रकं तिथंच वाटायचीत. माझ्यावर भरवसा नाय का?"

हा प्रश्न विचारायला नको होता. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी सही केली.

पौषात म्हसा गावच्या त्या जत्रेत पत्रकं हातोहात गेली. मजकूर फारसा कुणी वाचला नाही, फोटोतल्या काकांना मात्र सगळ्यांनी ओळखलं. आसपासच्या पाच जणांनी माझ्याकडून कागद घालून घेतला. तळ्यांत विहिरीचं पाणी भरून घेतलं, उन्हाळी भेंडी लावली.

होळीला काकांच्या तळ्याचा तळ दिसला. पाठोपाठ बाकीच्यांचाही. कागदाचे जोड मशीनने तापवून चिकटवायचे असतात. मी मशीनचं भाडं वाचवायला डिंकावर भागवलं होतं. सगळ्यांची भेंडी उभी वाळली. भांडायला माझ्या दुकानात एकही जण आला नाही. सगळे काकांच्या ओटीवर गेले. "तुमी लिवलंत म्हनून आमी केला," एवढंच म्हणाले.

मी सहाही तळ्यांचे जोड पदरमोड करून नव्याने केले. पुढच्या वैशाखात काकांच्या तळ्यात कमरेएवढं पाणी होतं आणि बांधावर हिरवीगार भेंडी. मी निर्लज्जासारखा पुन्हा गेलो. या वेळी कागद कोराच नेला होता.

"काका, आता तुमच्या शब्दांत लिहा. आता खरं आहे."

ओटीवर ते एकटेच बसले होते. पूर्वी या वेळी तिथे बसायला जागा नसायची. त्यांनी कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि माझ्याकडे सरकवला.

"घेऊन जा," म्हणाले. "खरा हाय. पन आता माजा कोन ऐकतो?"