मानेवरची दोन बोटं

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी फिजिऑलॉजीत नापास झाले. घरी कोणी रडलं नाही, पण आईने आठवडाभर शेजाऱ्यांकडे जाणं टाळलं, तेवढ्यावरून मला काय ते समजलं. पुरवणी परीक्षेत सुटले तर माझी बॅच मला परत मिळणार होती, नाहीतर ज्युनियर मुलांबरोबर वर्ष पुन्हा काढायचं. मला ज्युनियर मुलांबद्दल आकस नव्हता, पण त्यांच्या शेजारी बसायची माझी अजिबात तयारी नव्हती.

नापास झालेल्या मुलींमध्ये आम्ही दोघीच होतो. दुसरी घाटकोपरची. वर्षभर आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नव्हतो, नापास झाल्यावर मात्र रोज भेटू लागलो. तिच्या वस्तीत बुद्धविहाराच्या वर एक अभ्यासिका होती. तिथे बोलायची बंदी असल्यामुळे आमचा खरा अभ्यास बाहेरच्या जिन्यात व्हायचा. गळ्यात स्टेथोस्कोप बघून येणाऱ्याजाणाऱ्या बायका बीपी तपासून मागायच्या. आम्ही अजून डॉक्टर नाही, असं सांगितलं की त्यांना वाटायचं पोरी भाव खातात.

मी पाठांतरवाली होते आणि ती समजून घेणारी. हृदयाच्या एका ठोक्यात कप्प्यातला दाब कसा बदलतो, रक्ताचं प्रमाण कसं बदलतं, त्याचा आलेख मला डोळे मिटून काढता यायचा, पण एका जागी मी कायम अडखळायचे. डावा खालचा कप्पा आवळायला लागतो तेव्हा दाब झपाट्याने चढतो, पण रक्ताची रेघ मात्र काही काळ आडवीच राहते. आवळतोय तर कमी का होत नाही? मी ते तसंच पाठ केलं होतं.

तिने मला ते जिन्यातच समजावलं. म्हणाली, "अगं, आत यायचा दरवाजा बंद झालाय आणि बाहेर जायचा अजून उघडलाच नाहीये. रक्त जाणार कुठून? आतला दाब महाधमनीतल्या दाबाच्या वर गेला की मगच ती झडप उघडणार. तोवर नुसतं दाबत बसायचं." मग आवाजांचंही तिनेच सांगितलं. झडपा उघडताना निरोगी हृदयात आवाज ऐकू येत नाही, त्या बंद होताना येतो. आत यायच्या झडपा मिटल्या की पहिला, बाहेर जायच्या मिटल्या की दुसरा. दुसऱ्यानंतरही कप्पा थोडा वेळ सगळीकडून बंदच असतो. तेव्हा तो सैल पडतो, दाब खाली येतो, रक्त तेवढंच राहतं. मग आत यायची झडप उघडते आणि तो पुन्हा भरू लागतो. मला एकदम हलकं वाटलं आणि थोडा रागही आला, कारण वर्गात इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेची आम्हाला काळजी नव्हती. मुलीने मुलीचंच हृदय ऐकायचं, पडद्याआड, अशी आमच्याकडे पद्धत. मुली दोनच, म्हणजे मी तिचं ऐकणार आणि ती माझं. तेव्हा आम्ही महिनाभर एकमेकींचीच हृदयं ऐकत बसलो. तिचा ठोका संथ होता. दोन आवाज लागोपाठ, मग लांब विश्रांती. विश्रांतीनंतर येतो तो पहिला आवाज, एवढी खूण मी धरून ठेवली. पुस्तकात लिहिलं होतं की खूण मानेतल्या नाडीवरून करायची, तिचा धक्का पहिल्या आवाजाच्या पाठोपाठच येतो म्हणून. आम्हाला ती कटकट वाटली. आईला या तयारीतलं काही कळत नव्हतं, पण माझी मैत्रीण बारीक आहे एवढं तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "तिका घरी घेवन ये गो, वायच जेवतली." मैत्रीण दोनदा आली, दोन्ही वेळा पोटभर जेवली आणि आईला आवडली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते. वयस्कर, कमी बोलणारे. पहिला नंबर माझा. ती पडद्याआड कॉटवर पडली, मी छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवला. विश्रांतीच नव्हती. आवाज, आवाज, आवाज, आवाज, सगळे सारख्या अंतराने. महिनाभर रोज ऐकलेलं हृदय मला ओळखू येईना. तिच्याकडे पाहिलं तर ती छताकडे बघत होती आणि ओठ कोरडे पडले होते.

पडद्याबाहेरून प्रश्न आला, पहिला आवाज कोणता, कशावरून. माझी वाट लागली होती. मग काही न सुचून मी ती कटकट केली. दोन बोटं तिच्या मानेवर, एका बाजूला, हलकी ठेवली. बोटांना धक्का बसत होता आणि प्रत्येक धक्क्याच्या जेमतेम आधी एक आवाज येत होता. तोच पहिला. मी तसं सांगितलं, आणि आवाज सारख्या अंतराने येताहेत हेही.

परीक्षकांनी विचारलं, दोन आवाजांमधलं अंतर आणि नंतरची विश्रांती सारखीच का वाटते आहे.

ठोके वाढले की आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, भरण्याचा मात्र खूप, म्हणून विश्रांती आखडते, असं मी म्हटलं.

"आणि ठोके का वाढलेत?"

"ती घाबरली आहे, सर."

ते हसले. मला आलेख काढायला न लावताच त्यांनी सोडलं, तेव्हाच मला कळलं की मी सुटले.

मग आम्ही जागा बदलल्या. आता कॉटवर मी होते, परीक्षा संपलेली, ठोका संथ. तिला आवाज ओळखायला काहीच त्रास झाला नाही. नंतर परीक्षकांनी तिला टेबलाशी बसवून आलेख काढायला सांगितला. मी पडद्याआड बटणं लावत होते, फटीतून तिचा कागद दिसत होता. दाबाची रेघ तिने नीट चढवली. आणि पहिल्या आवाजापासूनच, दाबाबरोबर, रक्ताची रेघ खाली उतरवायला लागली. आडवा तुकडा काढलाच नाही.

परीक्षकांनी विचारलं की इथे बाहेर जायची झडप उघडली आहे का. ती हो म्हणाली. त्यांनी तिला संधी दिली, पुन्हा विचारलं. तिने तीच उतरती रेघ पुन्हा गडद केली. पुढच्या दोन प्रश्नांना तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. जिन्यात मला समजावणारी हीच मुलगी होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि मी बटण लावत राहिले, कारण त्या खोलीत दुसरं काही करताच येत नाही.

मी पास झाले, ती ज्युनियर बॅचमध्ये गेली. आईने दोनतीनदा विचारलं, ती आता का येत नाही. अभ्यास असतो, असं मी सांगितलं.

तीही पुढे डॉक्टर झाली, बोरिवलीला एका हॉस्पिटलमध्ये असते. मी फिजिऑलॉजी शिकवते. मध्यंतरी ती फोनवर म्हणाली, "माझी धडधड होती म्हणून तू पास झालीस, यार." ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं.

आता परीक्षा मी घेते. मुलगा असो वा मुलगी, कोणी आलेख काढायला बसलं की कागद पुढे करण्याआधी मी त्यांना पाणी प्यायला सांगते, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत एकही प्रश्न विचारत नाही.