किडा कुणाच्या अंगणात आला

बरकतपुऱ्यातल्या आमच्या व्हरांड्यात लाल मखमली किडे दिसले, तेव्हा वडिलांना कोण आनंद झाला. "मिरगाचा किडा आला. उद्या पेरणी," ते म्हणाले. ते दफ्तरात कारकून होते, पण शेतीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज होता.

संस्थान भारतात आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. बाजारात धान्य मिळेलच याचा भरवसा नव्हता. तारनाक्यापलीकडे आमचा जमिनीचा तुकडा होता आणि घरात डबाभर ज्वारीचं बियाणं. ते वाया गेलं तर वर्षभर खायचं काय, ही आईची चिंता. हे किडे बियाणं खातील म्हणून ती त्यांच्यावर राख टाकायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी वडील डबा घेऊन शेतावर निघाले, मीही गेले. एक तेलुगू बाई आमची जमीन बटईनं करायची. तिनं डब्याकडे पाहिलं आणि विळ्यानं माती उकरली. वर दोन बोटं ओल, खाली कोरडी ठणठणीत. शहरात कोसळलेला पाऊस इथं नुसता शिंपडून गेला होता.

"पंतुलू," ती वडिलांना म्हणाली, "पुरुगु तुमारे घर कू आया. जवारी भी तुमारे घरच बो लेव."

पंतुलू म्हणजे पंत, पुरुगु म्हणजे किडा. मला हसू आलं, वडिलांना राग. मृग लागलाय, हा मृगाचाच किडा, असं ते ठासून सांगू लागले. ती म्हणाली, आमच्यात ह्याला आरुद्र पुरुगु म्हणतात, म्हणजे आर्द्रेचा किडा, आणि तुमच्या हिशेबानं तर ते नक्षत्र अजून यायचंय. "वो पंचांग देखको नै आता. मिट्टी नीचे तक भिगी तो आता." बियाण्याला तो तोंड लावत नाही, वाळवी खातो, हेही तिनंच सांगितलं.

वडील डबा घेऊन परतले. आसपास ज्यांनी घाईनं पेरलं त्यांचे कोंब आठ दिवसांत करपले. आमचे वडील रोज आकाशाकडे बघत.

मग चांगले दोन पाऊस झाले आणि एका सकाळी ती बाई चालत आमच्या दारात आली. पळसाच्या पानात तीन किडे होते, पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखे पडलेले. "अपने खेत के हैं," ती म्हणाली. वडिलांनी त्याच दिवशी बियाण्याचा डबा शेतावर नेला.

त्या हिवाळ्यात आम्ही घरची भाकरी खाल्ली. किड्याला आमच्याशी काय देणंघेणं, तो आपल्या पोटासाठी वर येतो आणि चार दिवसांनी मातीत जातो. तरी त्याचे उपकार मी मानते, आणि त्या बाईचे तर जन्मभर.

कापणीच्या दिवशी वडिलांनी तिला पहिल्यांदा अक्का म्हटलं. "अक्का, पुढच्या वर्षी कधी पेरायचं?"

"मेरेकू क्या मालूम, पंतुलू," ती म्हणाली आणि कणसं खुडत राहिली.